रिकाम्या क्षितिजावर डोंगर कसा बसवावा

ब्लेंडरमध्ये बंगल्याचे दृश्य तयार करताना घर, कुंपण, अंगण आणि झाडे यांची मांडणी मनासारखी झाली, तरी पहिल्या रेंडरमध्ये एक गोष्ट हमखास खटकते. जमिनीचा सपाट पृष्ठभाग आणि आकाश एका सरळ रेघेवर येऊन भिडतात आणि त्या रेघेवर काहीही नसते. घर एखाद्या मोठ्या टेबलावर ठेवल्यासारखे दिसते. अशा वेळी क्षितिजावर डोंगरांची किंवा शहराची एक ओळ बसवायची असते. काम पाच मिनिटांचे वाटते, पण बहुतेकदा बसवलेला डोंगर डोंगर न वाटता मागे टेकवलेल्या पुठ्ठ्यासारखा वाटतो. हे का होते आणि ते कसे टाळता येते, हे एका उदाहरणातून पाहू.

उदाहरण असे घेऊ की पुण्याच्या एका उपनगरात सपाट भूखंडावर घर बांधायचे आहे आणि तेथून सिंहगड दिसतो. नकाशावर मोजले तर गडाचे सरळ रेषेतील अंतर 18 किलोमीटर भरते. सिंहगडाची समुद्रसपाटीपासूनची उंची सुमारे 1312 मीटर आहे आणि भूखंडाची सुमारे 560 मीटर आहे असे धरू. म्हणजे भूखंडावर उभे राहिलेल्या माणसाच्या दृष्टीने गड सुमारे 750 मीटर उंच आहे. कॅमेरा जमिनीपासून 1.6 मीटरवर, म्हणजे माणसाच्या डोळ्याच्या उंचीवर, ठेवला आहे. लेन्स 24 मिलिमीटरची, सेन्सर 36 मिलिमीटर रुंदीचा आणि चित्र 1920 गुणिले 1080 पिक्सेलचे आहे.

पहिला प्रश्न उंचीचा. चित्रात डोंगर किती उंच दिसायला हवा? बहुतेक चुका येथेच होतात, कारण आपण हे उत्तर आठवणीतून देतो. खरे उत्तर साध्या त्रैराशिकाने मिळते. चित्राची रुंदी पिक्सेलमध्ये घ्यावी, तिला लेन्सच्या मिलिमीटरने गुणावे आणि सेन्सरच्या रुंदीने भागावे. आपल्या उदाहरणात ही संख्या 1280 येते. वस्तूची उंची भागिले तिचे अंतर, गुणिले 1280, इतके पिक्सेल ती वस्तू क्षितिजाच्या वर दिसते. सिंहगडासाठी 750 भागिले 18000 गुणिले 1280, म्हणजे सुमारे 53 पिक्सेल. एकूण 1080 पिक्सेल उंचीच्या चित्रात अख्खा सिंहगड फक्त 53 पिक्सेल व्यापतो, म्हणजे चित्राच्या उंचीचा विसावा भागही नाही.

हा आकडा पहिल्यांदा काढणाऱ्याला तो चुकला असावा असेच वाटते. गड आपल्या मनात मोठा असतो आणि प्रत्यक्ष पाहताना आपले लक्ष त्याच्यावरच खिळते, म्हणून आठवणीतून काढलेला डोंगर दुप्पट-तिप्पट उंच निघतो. अशा उंच डोंगराचे दुष्परिणाम केवळ डोंगरापुरते राहत नाहीत. पाहणाऱ्याचा डोळा नकळत असा अर्थ लावतो की इतका उंच दिसणारा डोंगर जवळच असणार, आणि जवळच्या डोंगरावर झाडे, पायवाटा, दगड दिसत नाहीत म्हणजे तो खोटा असणार. पुठ्ठ्याचा भास होतो तो यामुळे.

माझ्या हातूनही एकदा अशीच चूक झाली होती, फक्त कारण निराळे होते. उंचीचा आकडा मी नकाशावरून तसाच उचलला होता आणि भूखंडाची उंची त्यातून वजा करायची राहून गेली होती. 750 ऐवजी 1312 मीटर धरल्याने गड 53 ऐवजी 93 पिक्सेल उंच आला. चित्र घरमालकांना दाखवले तेव्हा त्यांनी लगेच विचारले की आमचे घर गडाच्या पायथ्याला आहे का. रोज तो डोंगर पाहणाऱ्या माणसाला ही चूक समजायला गणित लागत नाही.

डोंगर मोठा दिसावा अशी इच्छा असणे यात मात्र काही गैर नाही. त्यासाठी डोंगराची उंची वाढवायची नसते, तर लेन्स बदलायची असते. 24 मिलिमीटरऐवजी 72 मिलिमीटरची लेन्स घ्यावी आणि कॅमेरा घरापासून 20 मीटरवर होता तो 60 मीटरवर न्यावा. लेन्स तिप्पट झाली आणि अंतरही तिप्पट झाले, म्हणून घर चित्रात जवळपास पूर्वीइतकेच राहते. डोंगराच्या 18 किलोमीटर अंतरात मात्र 40 मीटरने काही फरक पडत नाही, म्हणून तो तिप्पट होतो, म्हणजे 160 पिक्सेल. घरामागे डोंगर भरून आलेला दिसणारी छायाचित्रे अशाच लांब लेन्सने घेतलेली असतात. हे करताना कॅमेरा आडवाच ठेवावा आणि चौकटीत आकाश कमी-जास्त हवे असेल तर कॅमेरा वर न उचलता त्याच्या `Shift Y` या मूल्याने चौकट सरकवावी. त्यामुळे भिंती उभ्या राहतात आणि क्षितिज कोठे आहे हे निश्चित कळते.

दुसरा प्रश्न आकाराचा. ब्लेंडरमध्ये कृत्रिम डोंगर तयार करण्याच्या ज्या सोप्या युक्त्या आहेत त्यांतून टोकदार, करवतीच्या दातांसारखी शिखरे निघतात. तसे डोंगर जगात आहेत, पण सह्याद्री तसा नाही. येथील डोंगर लाव्हाच्या आडव्या थरांचे बनलेले आहेत. कठीण थर उभ्या कड्याच्या रूपात टिकतो, मऊ थर झिजून उतार होतो, आणि त्यामुळे माथा सपाट, त्याखाली कडा, मग उतार, पुन्हा कडा अशी पायऱ्यांची रचना दिसते. 53 पिक्सेलमध्येसुद्धा ही सपाट माथ्याची ओळ ओळखू येते. सिंहगडाच्या माथ्यावरचा दूरदर्शनचा मनोरा तर पुणेकर सगळ्यात आधी शोधतो, जरी पाच मीटर रुंदीची वस्तू या अंतरावर एका पिक्सेलच्या जेमतेम तिसऱ्या हिश्शाइतकी रुंद असली तरी.

म्हणून डोंगराची बाह्यरेषा कल्पनेने काढण्यापेक्षा उंचीच्या खऱ्या नोंदींवरून काढणे मला अधिक योग्य वाटते. फेब्रुवारी 2000 मध्ये एन्डेव्हर या अंतराळयानाने अकरा दिवसांच्या मोहिमेत रडारच्या साह्याने पृथ्वीच्या बहुतांश भूभागाची उंची मोजली. एसआरटीएम या नावाने ओळखली जाणारी ही माहिती विनामूल्य मिळते आणि तिच्यात साधारण दर 30 मीटरला एक उंचीची नोंद असते. सिंहगडाचा भाग `N18E073` या तुकड्यात येतो. 30 मीटर म्हणजे 18 किलोमीटरवर सुमारे दोन पिक्सेल, त्यामुळे दूरच्या रांगेसाठी ही माहिती पुरेशी बारीक आहे. हीच माहिती तीन किलोमीटरवरच्या टेकडीसाठी वापरली तर 30 मीटरचे 13 पिक्सेल होतात आणि टेकडीवर घडी घातलेल्या कागदासारखे पैलू दिसू लागतात. जवळच्या टेकडीसाठी म्हणूनच वेगळे प्रारूप लागते.

ही माहिती ब्लेंडरमध्ये आणताना एक खबरदारी घ्यावी लागते. मूळ नोंदी अक्षांश-रेखांशांच्या अंशांत असतात आणि पुण्याच्या अक्षांशावर रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या एका अंशापेक्षा सुमारे पाच टक्क्यांनी लहान असतो. नोंदी तशाच वापरल्या तर सारा मुलूख पूर्व-पश्चिम ताणला जातो. पुण्यासाठी `EPSG:32643` ही मीटरमधील निर्देशांक-पद्धत आहे. तिच्यात रूपांतर करून घेतले की अंतरे आणि दिशा बरोबर येतात.

उंचसखल भूभागाचे हे जड प्रारूप घराच्या सीनमध्ये ठेवण्याची गरज नसते. ते एका वेगळ्या फाइलमध्ये उघडावे, भूखंडाच्या खऱ्या जागी आणि खऱ्या दिशेने, जमिनीच्या उंचीत 1.6 मीटर मिळवून, कॅमेरा ठेवावा, भूखंडाभोवतीचा पहिला दोनेक किलोमीटरचा भाग काढून टाकावा आणि फक्त डोंगरांचे पांढरे ठसे पारदर्शक पार्श्वभूमीवर रेंडर करावेत. पारदर्शकतेसाठी `Film` मधील `Transparent` हा पर्याय असतो. ठसा काढताना 24 ऐवजी 20 मिलिमीटरची लेन्स वापरावी, म्हणजे चौकटीच्या दोन्ही बाजूंना थोडी जागा शिल्लक राहते. चित्राची रुंदीही 3840 पिक्सेल ठेवावी, म्हणजे कडा पुरेशी तलम येते.

एकाच ठशावर भागवू नये. पुण्याभोवतीचे डोंगर रांगांमागे रांगा असे आहेत आणि खोलीचा भास या रांगांच्या एकमेकींपासून वेगळ्या दिसण्यातून येतो. समजा आपल्या दिशेने सुमारे 6, 11 आणि 18 किलोमीटरवर तीन रांगा आहेत. कॅमेऱ्याच्या `Clip Start` आणि `Clip End` या दोन मूल्यांनी ठरावीक अंतरांमधलाच भाग रेंडर करता येतो, त्यामुळे तिन्ही रांगांचे तीन स्वतंत्र ठसे सहज मिळतात. फक्त काप दरीत पडेल असे पाहावे. तो उताराच्या मध्यावर पडला तर एकाच डोंगराचे दोन रंगांचे दोन तुकडे होतात.

आता हे ठसे घराच्या सीनमध्ये उभे करायचे. प्रत्येक ठशासाठी एक उभा सपाट पडदा पुरतो, आणि तो खऱ्या अंतरावरच असायला हवा असेही नाही. 18 किलोमीटरवरचा 750 मीटर उंच डोंगर आणि 1.8 किलोमीटरवरचा 75 मीटर उंच पडदा स्थिर कॅमेऱ्याला अगदी सारखेच दिसतात, कारण उंची आणि अंतर यांचे प्रमाण तेच राहते. म्हणून तिन्ही पडदे दशमांश अंतरावर, म्हणजे 600, 1100 आणि 1800 मीटरवर ठेवावेत. 20 मिलिमीटरच्या लेन्सने काढलेल्या ठशासाठी 1800 मीटरवरच्या पडद्याची रुंदी 3240 मीटर येते. त्याचा मध्यबिंदू कॅमेऱ्याच्या समोर आणि त्याच्याच उंचीवर ठेवला की ठसा आपोआप योग्य जागी बसतो. जवळच्या पडद्यांची रुंदी त्याच प्रमाणात कमी, म्हणजे 1980 आणि 1080 मीटर होते. हे करूनही पडदा दिसलाच नाही तर घाबरू नये. घराच्या सीनमधील कॅमेऱ्याचे `Clip End` पडद्याच्या आधीच संपत असते. ते 5000 मीटर करावे.

दशमांशाची ही सवलत कॅमेरा स्थिर असेपर्यंतच मिळते. फिरत्या कॅमेऱ्याची चित्रफीत करायची असेल तर हिशेब बदलतो. कॅमेरा 10 मीटर बाजूला सरकला तर 18 किलोमीटरवरचा खरा डोंगर आकाशाच्या तुलनेत एक पिक्सेलही सरकत नाही. 1.8 किलोमीटरवरचा पडदा सात पिक्सेल सरकतो आणि कोणी घाईत 180 मीटरवर पडदा लावला असेल तर तो तब्बल 71 पिक्सेल सरकतो. गाडीतून जाताना जवळची झाडे पळतात आणि दूरचा डोंगर आपल्याबरोबर येतो, हे प्रत्येकाने पाहिलेले असते. त्यामुळे डोंगर पळताना दिसला की प्रेक्षकाला ताबडतोब खटकते. चित्रफितीसाठी पडदे खऱ्या अंतरावर आणि खऱ्या मापाचे ठेवणे हाच उपाय आहे.

पडदे उभे झाल्यावर अनेकदा डोंगर हवेत तरंगताना दिसतो. डोंगराचा पाया आणि जमीन यांच्यामध्ये आकाशाच्या रंगाची एक बारीक पट्टी राहते. हा दोष फार सामान्य आहे आणि त्याचे कारणही साधे आहे. सीनमधली जमीन कोठेतरी संपते. समजा ती 500 मीटरवर संपते. डोळ्याची उंची 1.6 मीटर असल्याने जमिनीची ती कड क्षितिजाच्या चार पिक्सेल खाली दिसते. डोंगराचा ठसा मात्र क्षितिजाच्या आसपास संपतो. मधल्या चार पिक्सेलमधून मागचे आकाश डोकावते. पडदा क्षितिजाखालीही भरलेला असला की हे होत नाही. जमिनीच्या कडेवरून जाणारी नजर 1800 मीटरवर पोहोचते तेव्हा ती जमिनीच्या सुमारे चार मीटर खाली असते, म्हणून सर्वांत दूरच्या पडद्याचा भरीव भाग निदान पाच मीटर खाली उतरायला हवा. मी ठशाचा क्षितिजाखालचा सारा भाग पांढऱ्याने भरून टाकतो, म्हणजे हा हिशेब पुन्हा करावा लागत नाही. जमिनीच्या कडेवर झुडपांची आणि झाडांची एक विरळ ओळ लावली तर ती कडही झाकली जाते आणि जवळचे व दूरचे यांच्यामधली रिकामी जागा भरून निघते.

पृथ्वीच्या गोलाईचा प्रश्न येथे अनेकांना पडतो. 1.6 मीटर उंचीवरून सपाट प्रदेशातील क्षितिज साडेचार किलोमीटरवर असते आणि 18 किलोमीटरवरच्या डोंगराचा पायथ्याकडचा सुमारे 14 मीटरचा भाग गोलाईमुळे झाकला जातो. आपल्या चित्रात 14 मीटर म्हणजे एक पिक्सेल. तो सोडून द्यावा.

आतापर्यंतचे सगळे काम भूमितीचे होते. डोंगर दूर आहे हे पटवून देण्याचे खरे काम हवा करते, आणि मला स्वतःला या कामाचा हाच भाग सर्वांत जास्त आवडतो. दूरच्या वस्तूकडून येणारा प्रकाश वाटेत हवेतल्या कणांमुळे विखुरतो आणि कमी होतो. त्याच वेळी सूर्याचा आणि आकाशाचा प्रकाश त्याच हवेत विखुरून आपल्या डोळ्यांकडे वळतो आणि त्या वस्तूवर एक उजळ पडदा चढवतो. म्हणून दूरच्या डोंगराचा रंग म्हणजे त्याच्या स्वतःच्या रंगाचा उरलेला हिस्सा आणि क्षितिजालगतच्या आकाशाचा रंग यांचे मिश्रण असते. अंतर वाढेल तसा पहिला हिस्सा घटतो आणि दुसरा वाढतो.

हे प्रमाण अंदाजाने ठरवण्याची गरज नाही. हॅराल्ड कोश्मीडर या जर्मन हवामानशास्त्रज्ञाने 1924 मध्ये दृश्यमानता आणि हवेचा गढूळपणा यांचा संबंध मांडला. काळ्या वस्तूचा आकाशाशी असलेला फरक दोन टक्क्यांवर आला की ती दिसेनाशी होते असे मानले, तर 3.912 ला दृश्यमानतेच्या किलोमीटरने भागून हवेचा गुणांक मिळतो. डोंगराचा किती रंग आपल्यापर्यंत पोहोचेल हे त्यावरून पुढीलप्रमाणे काढता येते. दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळीत उंचीचा हिशेबही जोडला आहे.

```python
import math
f = 1920 * 24 / 36
print(750 / 18000 * f)                # 53.3
for d in (6, 11, 18):
    print(d, math.exp(-3.912 / 50 * d))
```

येथे दृश्यमानता 50 किलोमीटर धरली आहे, म्हणजे स्वच्छ पण असामान्य नसलेला दिवस. उत्तरे साधारण 0.63, 0.42 आणि 0.24 येतात. पहिल्या रांगेचा जवळपास दोन तृतीयांश रंग टिकतो, सिंहगडाचा एक चतुर्थांशही टिकत नाही. पावसाने हवा धुऊन निघाल्यावर दृश्यमानता 100 किलोमीटर धरली तर सिंहगडाचा निम्मा रंग टिकेल. हिवाळ्यातल्या धुरकट सकाळी ती 20 किलोमीटरवर आली तर फक्त तीन टक्के उरतील, आणि तेव्हा गड न दाखवणे हेच खरे चित्र ठरेल. म्हणजे रंग ठरवण्याआधी ऋतू आणि वेळ ठरवावी लागते.

प्रत्यक्ष रंग काढून पाहू. ब्लेंडरमधील मूल्यांत क्षितिजालगतच्या आकाशाचा लाल, हिरवा आणि निळा हिस्सा अनुक्रमे 0.60, 0.68 आणि 0.78 आहे असे समजू. झाडीने झाकलेल्या डोंगराचा स्वतःचा रंग 0.06, 0.07, 0.04, म्हणजे गडद हिरवा आहे. 0.24 या प्रमाणाने मिश्रण केले की सिंहगडाचा रंग सुमारे 0.47, 0.53, 0.60 येतो. हा फिकट निळसर करडा रंग आहे आणि त्यात हिरव्याचा मागमूस राहत नाही. दूरचा डोंगर रंगवताना हिरवा घेण्याचा मोह होतो, कारण डोंगर हिरवा आहे हे आपल्याला ठाऊक असते. पण डोळ्यापर्यंत पोहोचतो तो मुख्यतः हवेचाच रंग.

येथे आकाशाचा रंग कोठला घ्यायचा याला फार महत्त्व आहे. डोक्यावरचे आकाश गडद निळे असते आणि क्षितिजालगतचे पांढुरके असते. मिश्रणात क्षितिजालगतचाच रंग घ्यावा, आणि तोही डोंगर ज्या दिशेला आहे त्याच दिशेचा. डोक्यावरचा निळा घेतला तर डोंगर आकाशापेक्षा अधिक निळा आणि गडद होतो व पुन्हा चिकटवल्यासारखा दिसू लागतो. आकाशासाठी एचडीआरआय प्रतिमा वापरली असेल तर तिच्यातील क्षितिजावर मूळ ठिकाणची झाडे किंवा घरे असू शकतात. त्यांच्या थोडे वर जाऊन रंग उचलावा.

पडद्याला हा रंग `Emission` च्या रूपात द्यावा आणि ठसा फक्त कोठे रंग, कोठे पारदर्शक हे ठरवण्यासाठी `Mix Shader` मध्ये वापरावा. `Emission` वापरल्याने सीनमधील सूर्य पडद्यावर पुन्हा ऊन पाडत नाही. हवेचा हिशेब आपण आधीच रंगात धरलेला असतो, त्यात आणखी भर पडता कामा नये. ठशातून रंग न घेता केवळ आकार घेतल्याने आणखी एक अडचण टळते. कापलेल्या छायाचित्राच्या कडेला जी पांढरी किंवा काळी बारीक झालर राहते, ती येथे उद्भवतच नाही. शिवाय पडद्याच्या `Ray Visibility` मधील `Shadow` बंद करावे, नाहीतर सूर्य पडद्यामागे असताना त्याची भलीमोठी सावली अंगणात येते.

धुके दाखवण्यासाठी ब्लेंडरमध्ये `Mist` नावाची सोय आहे आणि ती वापरण्याचा सल्ला अनेकदा दिला जातो. आपल्या मांडणीत ती उपयोगी पडत नाही, कारण ती पडद्याचे 1800 मीटर हे खोटे अंतर मोजते, डोंगराचे 18 किलोमीटर हे खरे अंतर तिला माहीत नसते. सगळ्या सीनभर धुक्याचे घनरूप भरण्याचा मार्गही आहे, पण तो रेंडरचा वेळ प्रचंड वाढवतो, आणि `World` ला दिलेले असे धुके अमर्याद पसरत असल्याने आकाशाचा उजेडच अडवते. तीन पडदे आणि तीन रंग हे या दोन्हींपेक्षा स्वस्त आणि अचूक पडतात.

एक बारकावा मात्र हाताने घालावा लागतो. धूळ आणि धूर जमिनीलगत अधिक साचतात, त्यामुळे डोंगराचा पायथा माथ्यापेक्षा फिकट असतो. सिंहगडाच्या पडद्यावर मी माथ्याशी 0.28 आणि पायथ्याशी 0.15 असे प्रमाण देऊन मधे हळूहळू बदलत जाणारी छटा ठेवतो. हे आकडे नियमाने आलेले नाहीत, पाहून ठरवलेले आहेत. पायथा असा विरघळला की जमीन आणि डोंगर जेथे मिळतात ती रेघ नाहीशी होते. डोंगरावर घळी आणि कडे दाखवायचे असतील तर त्यांच्यातील उजेड-सावलीचा फरकही त्याच प्रमाणात, म्हणजे जवळपास एक चतुर्थांशावर आणावा. जवळून काढलेल्या छायाचित्रातला डोंगर दूर ठेवला की खोटा वाटतो, कारण त्याच्या सावल्या काळ्याच राहिलेल्या असतात. दूरच्या डोंगरावर काळा रंग कोठेही नसतो.

झालेले काम तपासण्यासाठी रेंडरमध्ये `Sample` हे साधन घेऊन डोंगराच्या कडेच्या किंचित वर आणि किंचित खाली रंग मोजावा. आकाशाचे मूल्य आणि डोंगराचे मूल्य यांतील फरक आपण ठरवलेल्या प्रमाणाशी जुळायला हवा. वरच्या उदाहरणात लाल हिस्सा 0.60 वरून 0.47 वर, म्हणजे सुमारे 22 टक्क्यांनी उतरतो. तिन्ही रांगांच्या बाबतीत हा फरक पुढून मागे क्रमाने घटत जावा. मागची रांग पुढच्या रांगेपेक्षा गडद निघाली तर पडद्यांचे रंग अदलाबदल झालेले आहेत.

डोंगराऐवजी शहराची ओळ हवी असेल तर भूमिती आणि हवा यांचे नियम तेच राहतात, पण तपशिलाचा प्रश्न अधिक तीव्र होतो. मांडव्याच्या किनाऱ्यावरून दक्षिण मुंबई सरळ रेषेत सुमारे 14 किलोमीटरवर आहे. आपल्या 24 मिलिमीटरच्या लेन्सने तेथील 200 मीटर उंचीची इमारत फक्त 18 पिक्सेल उंच आणि तिची 30 मीटर रुंदी तीन पिक्सेलपेक्षाही कमी दिसते. एक मजला पिक्सेलच्या पाव हिश्शाइतका असतो. म्हणजे खिडक्यांची जाळी काढणे सरळसरळ चूक आहे. ती दिसली की पाहणाऱ्याला इमारत दोन किलोमीटरवर असल्याचे कळते आणि मग तिचे ठेंगणेपण विचित्र वाटते. सपाट रंगाच्या उभ्या पट्ट्या, त्यांच्या उंचीत अनियमितपणा, मधेच मोकळ्या जागा आणि बहुतांश लांबीत पाच-सहा पिक्सेलचीच बुटकी ओळ, इतके पुरते. सगळ्या इमारती उंच काढल्या तर शहर कंगव्यासारखे दिसते.

समुद्रावरून दिसणाऱ्या शहराच्या बाबतीत गोलाईचा हिशेब एकदा करून पाहावा. 14 किलोमीटरवर इमारतींचा तळाचा सुमारे सात मीटरचा भाग पाण्याआड जातो. तो अर्ध्या पिक्सेलइतका असल्याने सोडून देता येतो. 30 किलोमीटरवर हाच आकडा 50 मीटरच्या आसपास जातो, बुटक्या इमारती पूर्णपणे पाण्याखाली गेल्यासारख्या होतात आणि फक्त उंच मनोऱ्यांचे माथे एकमेकांपासून सुटे असे दिसतात. तेथे मात्र ठसा तेवढ्या मापाने खाली सरकवावाच लागतो. रात्रीच्या चित्रात हवेचे मिश्रण जवळजवळ थांबते, कारण वाटेतल्या हवेला उजळवणारा सूर्य नसतो. तेव्हा इमारतींचे आकार अंधारात बुडतात, फक्त दिव्यांचे ठिपके उरतात, आणि ते ठिपके एका पिक्सेलहून लहान असल्यामुळे त्यांना आकार न देता केवळ तेज द्यावे लागते.